बेंच हलेना, स्क्वॉट हलेना: ताटात कमी पडतंय का, हे कसं ओळखायचं

एप्रिल-मे आला की नागपूरच्या जिममध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. बेंच अडकला, स्क्वॉट अडकला, डेडलिफ्ट तर मागेच आली. मग प्रोग्राम बदलतात, नवीन प्री-वर्कआउटचा डबा येतो, कुणी चारऐवजी सहा दिवस यायला लागतो. खाण्याचं विचारलं की उत्तर तयार असतं, "भाऊ, खाऊन तर राहिलो ना बरोबर." तो खोटं बोलत नसतो. त्याला रविवारचं सावजी मटण आठवत असतं. मंगळवारी दुपारी उन्हामुळे अर्धा डबा तसाच परत आला, हे मात्र तो विसरलेला असतो.

हा लेख अशाच माणसासाठी आहे. वर्ष-दीड वर्ष नियमित वजन उचललंय, अंगावर फार चरबी नाही, ताकद वाढवायची आहे आणि महिना-दोन महिने आकडा हलत नाहीये. नवशिक्यांना हे लागू होत नाही. पहिल्या काही महिन्यांत शरीर उचलण्याचं तंत्र शिकत असतं, त्यामुळे थोडं कमी खाल्लं तरी ताकद वाढते. ज्याच्या अंगावर बरीच चरबी आहे त्याचीही तूट काही काळ शरीरातल्या साठ्यातून भागते. अडचण येते ती आधीच सडपातळ असलेल्या आणि सोपी वाढ संपलेल्या माणसाला.

आधी बघा, खरंच अडकलंय का

दोन-तीन दिवस वाईट गेले म्हणजे वाढ थांबली असं होत नाही. किमान चार आठवडे तोच व्यायाम, तेवढीच खोली, तेवढीच विश्रांती ठेवून रेप किंवा वजन काहीच वाढलं नसेल, तर अडकलंय असं म्हणा. हे वहीत लिहिलेलं असायला हवं. आठवणीवर सोडलं की माणूस आपल्या सर्वात चांगल्या दिवसाशी आजची तुलना करतो.

बऱ्याच वेळा दोष प्लेटांचा निघतो. अनेक जिममध्ये सर्वात लहान प्लेट अडीच किलोची असते, म्हणजे बारवर एकदम पाच किलो वाढतात. साठ किलोच्या बेंचवर पाच किलो ही आठ टक्क्यांची उडी झाली. ती बसत नाही म्हणून वाढ थांबली असं समजू नका. त्याच वजनावर पाचाचे सहा, सहाचे सात रेप करा आणि मग वजन वाढवा, किंवा सव्वा किलोच्या दोन प्लेटा स्वतःच्या बॅगेत ठेवा.

दुसरी शंका उन्हाची. पत्र्याखालच्या किंवा नुसत्या पंख्यावर चालणाऱ्या जिममध्ये मे महिन्यात संध्याकाळी सातलाही अंगाची लाही होते. व्यायामाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करा. दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटलं, म्हणजे ६६ किलोच्या माणसाचं १.३ किलोच्या वर, तर आधी पाणी आणि मीठ सुधारा. नवतपात लाइट जाऊन कूलर बंद पडतो आणि रात्रभर झोप होत नाही, तो आठवडाही हिशेबात धरू नका.

उपाशीपणाची खूण बारवर कशी दिसते

सगळ्यात कामाची खूण ही: सगळे व्यायाम एकदमच अडकतात. फक्त बेंच अडकला आणि स्क्वॉट-डेडलिफ्ट चालू आहेत, तर कारण तंत्रात, खांद्यात किंवा बेंचच्या सेटांच्या संख्येत शोधा. जेवण कमी पडलं तर ते एकट्या छातीलाच कमी पडत नाही. बेंच, स्क्वॉट, रोइंग, साधे पुल-अप्स, सगळंच एकाच महिन्यात थंडावलं की मग ताटाकडे बघायचं.

दुसरी खूण सेटांच्या क्रमात असते. पहिला सेट ठीक जातो, तिसऱ्या-चौथ्याला एकदम कोसळतो. जड पाच रेपच्या पहिल्या सेटला लागणारी ऊर्जा बरीचशी स्नायूत आधीच तयार असलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते. सेट वाढत जातात तसा भार ग्लायकोजेनवर, म्हणजे पोळी-भातातून साठलेल्या साखरेवर पडतो. तो साठा रोज अर्धवटच भरत असेल, तर वहीत ५, ५, ५, ५ च्या जागी ५, ५, ४, ३ दिसू लागतं. विश्रांती वाढवून आकडा कसाबसा जुळवला जातो, पण दोन मिनिटांची चार मिनिटं कधी झाली ते कळत नाही. म्हणून वहीत विश्रांतीही लिहा.

बारच्या बाहेरच्या खुणा म्हणजे पायांचं दुखणं चौथ्या दिवशीही न जाणं, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, उगाच चिडचिड, बद्धकोष्ठता, सारखी सर्दी, दिवसभर डोक्यात खाण्याचे विचार. पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा आणि सकाळची ताठरता कमी होणं ही बरीच बोलकी खूण आहे, फक्त तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. स्त्रियांमध्ये पाळी लांबणं किंवा बंद होणं ही त्याहून गंभीर खूण. तीन महिने पाळी आली नाही तर वहीचा प्रयोग करत बसू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. इंग्रजी लेखांत 'सतत थंडी वाजणं' हे लक्षण हटकून असतं. नागपूरच्या मे महिन्यात त्याचा काय उपयोग! डिसेंबरात मात्र लक्षात ठेवा.

यातली एखादी खूण असली म्हणून काही सिद्ध होत नाही. थकवा तर शंभर कारणांनी येतो. सगळे व्यायाम अडकलेत, शेवटचे सेट कोसळतायत आणि वजन घटतंय किंवा महिनोन्‌महिने जागचं हललेलं नाही, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर पुढची वही उघडायची.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा, भूक हा मापदंड नाही. उन्हात भूक मरते, जोरदार व्यायामानंतरही तासभर मरते. 'भूक लागली नाही' यावरून 'पुरेसं खाल्लं' असं ठरत नाही. वजन स्थिर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. खाणं कमी झालं की शरीर खर्चही कमी करतं. माणूस नकळत कमी चालतो, बसून राहतो, जिना टाळतो. वजन तेवढंच राहतं आणि वाढीसाठी वर काही उरत नाही.

तीन आठवड्यांची वही

या काळात खाणं बदलायचं नाही, फक्त मोजायचं. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी वजन करा आणि आठवड्याच्या सात आकड्यांची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. रात्री खारट खाल्लं तरी सकाळी अर्धा-पाऊण किलो इकडे-तिकडे होतं.

खाणं मोजायला स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. सगळं कच्चं मोजायचं. पोळीसाठी आईला त्रास नको. एकदा कणीक किती घेतली आणि पोळ्या किती झाल्या तेवढं बघा. पाव किलोत दहा पोळ्या होत असतील तर पोळी २५ ग्रॅमची, म्हणजे तेल-तूप न धरता साधारण ८५ कॅलरी. ज्वारीच्या भाकरीलाही हीच रीत. भाजीचं तेल पळीने घालतात, ते चमच्याने मोजून घ्या. एक छोटा चमचा तेल म्हणजे ४०-४५ कॅलरी.

सगळ्यात जास्त फसवणूक करतं ते वरण. 'रोज वरण खातो, प्रोटीन बरोबर आहे' असं सांगणाऱ्या घरी कुकरला किती तूरडाळ लागते ते बघा. चौघांच्या घरी एका वेळी शंभर ग्रॅम डाळ लागत असेल तर एकाच्या वाट्याला २५ ग्रॅम आली. त्यात प्रोटीन साडेपाच ग्रॅमच्या आसपास. बाकी वाटीभर पाणी, हळद आणि फोडणी. वरण उत्तमच आहे, पण स्क्वॉटचा भार एकट्या त्याच्यावर टाकू नये.

उपासाचे दिवस आणि रविवार वहीत यायलाच हवेत. लोक नेमके हेच दोन दिवस गाळतात.

एक वही उघडून बघू

उदाहरणासाठी नंदनवनात राहणारा, बुटीबोरीच्या कारखान्यात दिवसपाळी करणारा एक मुलगा धरू. वय २६, उंची १७२ सेंटीमीटर, आठवड्याला चार दिवस व्यायाम. मार्चमध्ये वजन ६७.३ होतं. बेंच ६२.५ किलोवर आणि स्क्वॉट ९० वर एप्रिलपासून अडकलेला.

त्याचा साधा दिवस असा. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, १०० कॅलरी. नऊला ठेल्यावर एक प्लेट तर्री पोहा, अंदाजे ३००. डब्यात चार पोळ्या आणि भाजी, ४७०. साडेपाचला चहा आणि केळं, १६०. जिमहून आल्यावर साडेनऊला तीन पोळ्या, भाजी, थोडा वरण-भात आणि चमचाभर तूप, ६९०. झोपताना पेलाभर दूध, १३०. एकूण १,८५०.

रविवारी सावजी, आईस्क्रीम वगैरे धरून २,७००. गुरुवारी गजानन महाराजांचा उपास, त्या दिवशी साबुदाणा एकदा आणि बाकी चहा, १,१५०. रविवारी ८५० जास्त, गुरुवारी ७०० कमी. म्हणजे ज्या रविवारच्या भरवशावर तो 'मी भरपूर खातो' म्हणतो, तो जवळपास सगळा गुरुवारातच जिरला. आठवड्याची सरासरी १,८७०.

प्रोटीन बेरजेत ५५ ग्रॅमच्या आसपास येतं. आयसीएमआरने २०२० मध्ये सर्वसाधारण प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, आणि ६६ किलोला ते बरोबर ५५ होतं. साध्या माणसासाठी त्याचं जेवण चुकीचं नाहीच. पण वजन उचलून स्नायू वाढवायचे तर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होत राहतो, म्हणजे त्याच्यासाठी १०५ ग्रॅम. त्याच्या पलीकडे फारसा मिळत नाही.

आता वजन. तीन आठवड्यांच्या सरासऱ्या ६६.१, ६५.९ आणि ६५.७. आठवड्याला दोनशे ग्रॅम घट. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरल्या तर २०० ग्रॅम म्हणजे १,५४० आणि सातने भागून रोजची तूट २२०. म्हणजे वजन टिकवायलाच त्याला रोज २,०९० लागतात आणि तो १,८७० वर वजन उचलतोय.

इथे कुणी म्हणेल, ठेल्यावरच्या पोह्याचा अंदाज चुकला असेल तर? चुकला असेलच. ऑनलाइन सूत्राने काढलं तर याच मुलाला २,५०० लागतात असं उत्तर येतं. पण वहीतली चूक रोज सारखीच होत असेल तर ती हिशेबातून आपोआप गळून पडते, कारण वाढही आपण याच वहीच्या मापाने करणार आहोत. म्हणून सूत्रापेक्षा स्वतःच्या वहीवर जास्त विश्वास ठेवावा.

किती वाढवायचं आणि कशातून

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का वाढ पुरे. याच्यासाठी ती १६५ ते ३३० ग्रॅम होते. त्याला २,०९० वर २५०-३०० जादा लागतील. म्हणजे सध्याच्या खाण्यापेक्षा रोज सुमारे ५०० जास्त, गुरुवार धरून. एकदम हजारने वाढवलं तर ताकद दुप्पट वेगाने येत नाही. पोट मात्र येतं.

मेमध्ये ५०० कॅलरी चावून खायला सांगणं म्हणजे त्या माणसाला उन्हाळाभर छळणं आहे. त्या प्यायच्या. आपल्याकडे त्यासाठी सातू आहे, आणि व्हेच्या डब्यापुढे लोक तो विसरलेत याचं मला वाईट वाटतं. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळलेलं ४० ग्रॅम पीठ, पाव लिटर थंड दूध, १० ग्रॅम गूळ, चिमूटभर वेलची. गूळ आधी थोड्या दुधात विरघळवा, त्यात पीठ कालवून गुठळ्या मोडा आणि मग उरलेलं दूध घाला. पेल्यात ३५५ कॅलरी आणि १४ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. जिमच्या दीड-दोन तास आधी घेतला तर शेवटच्या सेटांना कामी येतो. अगदी तोंडावर घेतला तर पोटात डुचमळतो.

रात्री दोन उकडलेली अंडी, १४० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन. अंडं चालत नसेल तर ५० ग्रॅम पनीर; त्यात प्रोटीन थोडं कमी, ८-९ ग्रॅम. पाचशेचा हिशेब इथेच झाला. प्रोटीनसाठी डब्यातली एक पोळी कमी करून भाजीत ३० ग्रॅम सोया चंक्स टाकले की कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात आणि १२ ग्रॅम प्रोटीन वाढतं. एकूण ९३ ग्रॅम झालं. १०५ झालं नाही म्हणून डोकं खाजवू नका, ५५ वरून ९३ ही उडीच पुष्कळ आहे.

गुरुवारी सातू चालत नाही. उपास मोडायचीही गरज नाही. शेंगदाणे ४० ग्रॅम, दोन वाट्या दही आणि एक पेला दूध वाढवलं तर १,१५० चे १,६५० होतात. त्या दिवशी जड स्क्वॉट ठेवू नका, इतकंच.

चार आठवडे प्रोग्रामला हात लावू नका

बहुतेक जण इथेच गडबड करतात. खाणं वाढवलं, त्याच सोमवारी नवीन प्रोग्राम घेतला, क्रिएटिन चालू केलं आणि झोपही सुधारली. महिन्याने बेंच वाढला तर कशामुळे वाढला, हे कुणालाच सांगता येणार नाही. चार आठवडे व्यायाम, सेट, विश्रांती सगळं आधीचंच ठेवा. रेप जमले की वजन वाढवायचं, हा नियमही तोच ठेवा.

पहिल्या आठवड्यात वजन अर्धा ते एक किलो उसळू शकतं. ग्लायकोजेनचा साठा भरताना त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी येतं, शिवाय पोटात जास्त अन्न असतं. याला चरबी समजून खाणं कमी करणारे खूप जण बघितलेत. दुसऱ्या आठवड्याच्या सरासरीपासून पुढची वाढ मोजा. बेंबीच्या रेषेत कंबरही आठवड्यातून एकदा मोजा.

जेवणच कारण असेल तर आधी शेवटचे सेट सुधारतात. ५, ५, ४, ३ चं दुसऱ्या आठवड्यात ५, ५, ५, ४ होतं, विश्रांती पुन्हा दोन-अडीच मिनिटांवर येते, पायांचं दुखणं दोन दिवसांत जातं. बारवरचं वजन त्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हलतं. त्यामुळे दहाव्या दिवशी ६५ बसला नाही म्हणून प्रयोग सोडू नका.

वजन ठरल्याप्रमाणे वाढलं आणि बेंच, स्क्वॉट, रोइंग सगळेच हलले, तर पाणी कुठे मुरत होतं ते कळलं. तेवढंच खाणं चालू ठेवा.

वजन वाढलं, कंबरही वाढली, बार मात्र तिथेच, तर जेवण हे कारण नव्हतं. आणखी खाऊन काही होणार नाही. खाणं मेंटेनन्सवर आणा, एक आठवडा सेट निम्मे करून हलका व्यायाम करा, आणि मग त्या व्यायामाचे आठवड्याचे एकूण सेट, तंत्र आणि झोप यांत शोध घ्या.

सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो तिसरा निकाल: ५०० वाढवले तरी वजन हलतच नाही. याचं कारण बहुधा सातूच्या पेल्यातच असतं. साडेपाचला तो पोटात गेला की साडेनऊला तीनच्या दोन पोळ्या होतात, आणि मुलाला वाटतं आपण वाढवून खातोय. रात्रीच्या पोळ्या पुन्हा मोजा. त्या जागेवर असतील तर शरीराने हालचाल वाढवून जादाचं उडवलं असेल. तसं असेल तर आणखी २०० वाढवा आणि पुढचे दोन आठवडे बघा.

नीट मोजून, वाढवून खाऊनही वजन उतरतच राहिलं, किंवा सोबत खूप तहान, बारीक ताप, धडधड असं काही असेल, तर जिममधल्या कुणाचाही सल्ला न घेता डॉक्टरांकडे जा. मधुमेह, थायरॉइड आणि क्षय, तिन्हींची सुरुवात अशी होऊ शकते. शाकाहारी माणसाने अशा वेळी हिमोग्लोबिनसोबत बी-१२ ही तपासून घ्यावं, कारण ते कमी असेल तर थकव्याचं खापर नाहक पोळ्यांवर फुटतं.

जूनच्या शेवटी पाऊस लागला की भूक परत येते आणि डबा रिकामा होऊन घरी येतो. तेव्हा सातू तसाच चालू ठेवला तर रोजचे ३५५ नकळत जादा होतात. जुलैत आठवडाभर वही पुन्हा भरा आणि वाढ आठवड्याला ३३० ग्रॅमच्या वर दिसली तर पेला फक्त व्यायामाच्या दिवशी घ्या.